मदत हवी आहे: १४० शोधनिबंधांच्या यादीतून आणि सारांशांतून सटीप संदर्भसूचीचा तक्ता कसा करावा?

अभ्यासिका

नमस्कार. मी गृहविज्ञान शाखेत पीएच.डी. करीत असून शाळेत जाणाऱ्या किशोरवयीन मुलींमधील रक्तक्षय आणि त्यांना दर आठवड्याला दिल्या जाणाऱ्या लोहाच्या गोळ्या हा माझा विषय आहे. पूर्वसंशोधनाचा आढावा लिहायला घेण्यापूर्वी सर्व वाचनाचा एक सटीप तक्ता दाखवावा, असे माझ्या गाईडनी सांगितले आहे. माझ्याजवळ वर्डच्या एका फाइलमध्ये १४० नोंदी असून प्रत्येकीखाली इंग्रजी सारांश चिकटवलेला आहे.

लेखक, वर्ष, उद्दिष्ट, पद्धत, निष्कर्ष आणि टिप्पणी असे रकाने करून मी आठ दिवसांत २२ ओळी भरल्या. काल त्या पुन्हा वाचल्या तेव्हा लक्षात आले की, ‘निष्कर्ष’ या रकान्यात मी प्रत्येक सारांशाचे शेवटचे वाक्य मराठीत उतरवले आहे आणि ‘टिप्पणी’मध्ये जवळजवळ सर्वत्र ‘प्रस्तुत संशोधनास उपयुक्त’ एवढेच लिहिले आहे. या तक्त्यावरून प्रकरणाचा एक परिच्छेदही लिहिता येणार नाही. शिवाय दोन अभ्यास वेगवेगळ्या शीर्षकांखाली दोनदा आलेले दिसतात.

यादी पुन्हा टंकित न करता तक्त्यात कशी आणावी, रकाने कोणते ठेवावेत आणि केवळ सारांशावरून किती भरता येईल, याविषयी मार्गदर्शन हवे आहे.

सह्याद्रीकर

आपल्या विद्यापीठाला एपीएची सातवी आवृत्ती चालते की आणखी कोणती पद्धत, हे आधी विचारून घ्यावे. आमच्या विभागात एका विद्यार्थिनीला स्वल्पविराम आणि तिरपी अक्षरे सुधारण्यासाठी सगळी सूची परत करावी लागली होती.

अभ्यासिका

धन्यवाद, सर. संदर्भाची शैली ठरलेली आहे. माझी अडचण तक्त्याच्या आतल्या मजकुराची आहे.

रकानेवाला

हे काम दोन दिवसांत होते. सर्व नोंदी झोटेरो या संदर्भ सांभाळणाऱ्या संगणकप्रणालीत घ्याव्यात, संग्रहावर उजवी कळ दाबून `Export Collection…` निवडावे आणि CSV फाइल काढावी. तिच्यात लेखक, वर्ष, शीर्षक, DOI आणि `Abstract Note` हे रकाने आपोआप येतात. वैद्यकीय नियतकालिकांच्या बहुतेक सारांशांत METHODS, RESULTS, CONCLUSIONS अशी शीर्षके असतातच. त्यांच्या जागी मजकूर तोडला की पद्धत आणि निष्कर्ष हे दोन्ही रकाने तयार होतात. मी माझ्या एम.फिल.चा तक्ता असाच केला होता. सारांश लेखकांनीच लिहिलेला असतो, तेव्हा त्यावर विश्वास ठेवायला हरकत नसावी.

सूचीकार

रकानेवाला यांनी सांगितलेला पहिला भाग बरोबर आहे; त्यात एक भर घालतो. वर्डमधील प्रत्येक नोंदीचा डीओआय किंवा पबमेडचा क्रमांक एका यादीत काढावा, झोटेरोतील जादूच्या कांडीच्या चिन्हावर टिचकी मारून `Shift+Enter` दाबावे, म्हणजे मोठी चौकट उघडते, आणि तिच्यात एका ओळीवर एक याप्रमाणे सर्व क्रमांक चिकटवावेत. निबंध पबमेडवर असेल तर डीओआयऐवजी पबमेडचा क्रमांकच द्यावा, कारण डीओआयवरून आलेल्या नोंदीत पुष्कळदा सारांश नसतो. ज्यांना कोणताच क्रमांक नाही असे अहवाल आणि प्रबंध मात्र हाताने भरावे लागतील.

दुसऱ्या भागाशी मी सहमत नाही. सारांशाचे तुकडे करून रकान्यात टाकले तर हाती येतो तो सारांशांचाच संग्रह, फक्त उभ्या रेघा मारलेला. अभ्यासिकाताईंच्या २२ ओळींचे नेमके तेच झाले आहे. ‘उद्दिष्ट, पद्धत, निष्कर्ष’ हे रकाने कोणत्याही विषयाला लागू पडतात, आणि म्हणूनच ते या विषयाबद्दल काही सांगत नाहीत. दोन निबंधांचे आकडे एकमेकांशेजारी ठेवल्यावर ते वेगळे का आले, असे वाचक विचारील. त्या ‘का’चे उत्तर जिथे जिथे दडलेले असू शकते, तिथे एक रकाना हवा.

आपल्याच विषयातले उदाहरण घेऊ. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९–२१ च्या पाचव्या फेरीत १५ ते १९ वर्षांच्या मुलींमध्ये रक्तक्षयाचे प्रमाण ५९.१ टक्के आले. २०१६–१८ च्या सर्वंकष राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात किशोरवयीन मुलींसाठी ते सुमारे ४० टक्के आहे. तक्त्यात केवळ वर्ष आणि निष्कर्ष हे रकाने असतील, तर आपण प्रामाणिकपणे असे लिहून बसाल की, काही वर्षांत रक्तक्षय सुमारे ४० टक्क्यांवरून ५९ टक्क्यांवर गेला. परंतु पहिल्या सर्वेक्षणात बोटाला टोचून काढलेल्या थेंबावर हिमोक्यू या हातातल्या यंत्राने मोजणी झाली, तर दुसऱ्यात शिरेतून रक्त घेऊन ते प्रयोगशाळेत तपासले गेले. वयोगटही वेगळे आहेत, कारण दुसऱ्यातला आकडा १० ते १९ वर्षांचा आहे. या फरकातला किती भाग मोजणीचा, किती वयाचा आणि किती खरा, हे तक्ता सांगू शकणार नाही. पण हे दोन आकडे सरळ एका रेषेत जोडता येत नाहीत, एवढे तो नक्की दाखवील.

म्हणून ‘पद्धत’ हा एक रकाना मोडून वयोगट, रक्त कसे घेतले व कशावर मोजले, आणि रक्तक्षय ठरवण्याची हिमोग्लोबिनची मर्यादा असे तीन रकाने करावेत. मर्यादेचा रकाना अनावश्यक वाटेल, परंतु जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा ५ ते ११ वर्षांच्या मुलींसाठी डेसिलिटरला ११.५ ग्रॅम आणि १२ वर्षांपासून १२ ग्रॅम आहे. पाचवी ते दहावीच्या सर्व मुलींना सरसकट १२ची मर्यादा लावली असेल, तर लहान वर्गांतल्या काही मुली विनाकारण रक्तक्षयी ठरतात. हे सारांशात क्वचितच सापडते. पद्धतीच्या विभागात पाहावे लागते.

गोळ्यांच्या अभ्यासांना आणखी एक रकाना हवा: गोळीत मूलद्रव्य लोह किती. साप्ताहिक लोह व फॉलिक आम्ल योजनेच्या सुरुवातीच्या गोळीत ते १०० मिलिग्रॅम होते. २०१८ च्या अ‍ॅनिमियामुक्त भारत कार्यक्रमात किशोरवयीनांसाठी ६० मिलिग्रॅम ठरले. सारांशात दोन्हीकडे ‘साप्ताहिक गोळी’ असेच लिहिलेले असते.

जुनी_पाने

माझा विषय एकोणिसाव्या शतकातील मराठी नियतकालिके हा असल्याने माझ्या १८० नोंदींपैकी एकीलाही सारांश नाही. मी एक रकाना ‘लेख प्रत्यक्ष पाहिला, छायाप्रत पाहिली, की दुसऱ्याच्या ग्रंथातून कळला’ असा ठेवला आहे, आणि सर्वांत जास्त उपयोग मला त्याचाच झाला. माझी अडचण निराळी आहे: झोटेरोतून काढलेली फाइल एक्सेलमध्ये उघडली की देवनागरीच्या जागी विचित्र चिन्हे दिसतात. कोणी सांगू शकेल का?

सूचीकार

फाइलवर दोनदा टिचकी मारून ती उघडू नये. रिकाम्या एक्सेलमधून `Data`, मग `From Text/CSV` असे जाऊन फाइल निवडावी आणि `File Origin`मध्ये `65001: Unicode (UTF-8)` घ्यावे. अक्षरे जागेवर येतील.

आपला तो रकाना अभ्यासिकाताईंनी जरूर उचलावा. त्यांच्याकडे त्याचे नाव ‘माहिती कुठून’ आणि त्यात दोनच पर्याय: सारांश किंवा पूर्ण निबंध. सारांशात जे नाही तो रकाना कोरा न ठेवता तिथे ‘सारांशात नाही’ असे लिहावे. कोऱ्या चौकटीवरून आपण पाहिलेच नाही की पाहून सापडले नाही, हे दोन महिन्यांनी आपल्यालाच आठवत नाही.

दोनदा आलेल्या अभ्यासांविषयी लिहायचे राहिले. झोटेरोचा `Duplicate Items` हा विभाग एकच निबंध दोनदा आला असेल तर पकडतो. एकाच पाहणीवर दोन निबंध लिहिले असतील तर पकडत नाही. जिल्हा, पाहणीचे महिने, मुलींची संख्या आणि लेखकांपैकी दोघे-तिघे जुळत असतील तर ती पाहणी बहुधा एकच आहे. एक ओळ पुसून टाकू नये. ‘अभ्यास क्रमांक’ असा रकाना करून दोन्ही ओळींना तोच क्रमांक द्यावा, नाहीतर आढाव्यात एकाच शाळेतल्या मुली दोनदा मोजल्या जातील.

अभ्यासिका

आपल्या सूचनेप्रमाणे त्या सर्वेक्षणाचीच एक ओळ भरून पाहिली. कृपया तपासावी.

अभ्यास क्रमांक: १. कालावधी: २०१९–२१. वयोगट: १५–१९, मुली. रक्त व मोजणी: बोटातून, हिमोक्यू. मर्यादा: १२ ग्रॅम. आकडा: ५९.१ टक्के. माहिती कुठून: पूर्ण अहवाल. टिप्पणी: ‘देशपातळीवरील अलीकडचा मोठा आकडा. शिरेतील रक्तावर केलेल्या अभ्यासांशी थेट तुलना करू नये. १० ते १४ वर्षांच्या मुली यात नाहीत आणि माझ्या पाहणीतल्या निम्म्या मुली त्याच वयाच्या आहेत.’

टिप्पणीचे शेवटचे वाक्य लिहिताना पहिल्यांदाच असे वाटले की, मी माझ्या संशोधनाविषयी काही लिहीत आहे.

सूचीकार

टिप्पणी उत्तम आहे. तिसरे वाक्य तर जसेच्या तसे प्रकरणात जाऊ शकेल. एकच दुरुस्ती: मर्यादेच्या रकान्यात ‘गरोदर नसलेल्या’ असे जोडावे. या वयोगटात विवाहित मुलीही आहेत आणि या सर्वेक्षणात गरोदर असलेल्यांसाठी मर्यादा ११ ग्रॅम धरली होती.

रकानेवाला

मोजणीच्या पद्धतीचा मुद्दा मला पटला. माझ्या तक्त्यात तो रकाना नव्हता आणि तोंडी परीक्षेत त्याच जागी मी अडलो होतो. तरीही १४० पूर्ण निबंध वाचणे कोणाला शक्य आहे? कितीतरी निबंध पैसे भरल्याशिवाय उघडतही नाहीत.

सूचीकार

सगळे पूर्ण वाचावे असे माझे म्हणणे नाही. सारांशावरून तीन गट करता येतात: विषयाबाहेरचे, केवळ पार्श्वभूमीसाठी लागणारे, आणि ज्यांचे आकडे आपण प्रकरणात देणार आहोत असे. तिसऱ्या गटाचे पद्धतीचे पान आणि मुख्य कोष्टक पाहिल्याशिवाय आकडा उचलू नये. सारांशातला आकडा आणि कोष्टकातला आकडा जुळत नाही, असे मी स्वतः अनेकदा पाहिले आहे. बहुधा एकीकडे सुरुवातीच्या सर्व मुली धरलेल्या असतात आणि दुसरीकडे शेवटपर्यंत टिकलेल्या. न उघडणाऱ्या निबंधासाठी पत्रव्यवहाराच्या पत्त्यावर लेखकांना लिहावे.

जुनी_पाने

आणि उत्तर आले नाही तर? तो निबंध तक्त्यात ठेवावा की काढावा?

सूचीकार

मी ठेवतो आणि ‘माहिती कुठून’मध्ये ‘सारांश’ लिहितो, मात्र त्याचा आकडा प्रकरणात घेत नाही. माझे एक सहकारी अशा नोंदी वेगळ्या पानावर काढतात, कारण त्यांच्या मते तक्त्यात असलेली ओळ कधीतरी चुकून वापरली जातेच. त्यांचे म्हणणे मला खोडता आलेले नाही.

अभ्यासिका

माझ्या यादीत असे किती आहेत ते आज रात्री मोजते. तीन गट करायला घेतले असून पहिल्या ५० पैकी १७ विषयाबाहेरचे निघाले. त्यांपैकी सहा गाईडनी स्वतः दिलेले आहेत. ते वगळण्याचे कारण तक्त्यातच लिहावे, की त्यांना आधी प्रत्यक्ष भेटून विचारावे, हे अजून ठरत नाही.