‘अ‍ॅक्सेप्ट’ लिहिलं म्हणून एक मार्क गेला. बरोबर की अन्याय?

गंगापूर रोडची बीएस्सीवाली:
इंटर्नलला ६ मार्कांचं गणित होतं. पॅकहाउसचं म्हणणं, पेटीत सरासरी ५००० ग्रॅम द्राक्षं भरतो. ९ पेट्या वजन केल्या, सरासरी ४९४० आली, स्टँडर्ड डेव्हिएशन १२०. ५ टक्के लेव्हलला तपासा. माझा टी −१.५ आला, टेबलातला २.३०६, आकडे सगळे बरोबर. शेवटी लिहिलं, ‘नल हायपोथेसिस अ‍ॅक्सेप्ट, म्हणून सरासरी ५००० ग्रॅमच आहे.’ सरांनी लाल रेघ मारून वर ‘फेल टू रिजेक्ट’ लिहिलं आणि एक मार्क कापला. अर्थ तर एकच ना? उगाच शब्दाचा कीस!

अंबडचा क्यूसीवाला:
पूर्ण पाठिंबा. मी एमआयडीसीत क्वालिटीला आहे. दिवसातून दहा लॉटवर ‘अ‍ॅक्सेप्टेड’चा शिक्का मारतो. गेटवर ट्रक उभा असताना ड्रायव्हरला ‘बाबा, तुझा माल नाकारण्यात आम्ही अपयशी ठरलो’ असं सांगू का? माल आत घ्यायचा नाहीतर परत पाठवायचा, तिसरं काही नसतं. हे असले शब्द वर्गातच चालतात.

आकडेमोड:
मी बारा वर्षं हा विषय शिकवते आणि हा मार्क मीही कापला असता. का, ते तुझ्याच आकड्यांवर दाखवते. तू हे केलंस:

t = (4940 − 5000) / (120 / √9) = −60 / 40 = −1.5

आता ५००० खोड आणि तिथे ४९०० टाक. समज, शेजारचा व्यापारी म्हणतोय की हे लोक पेटीमागे सरळ १०० ग्रॅम मारतात. पेट्या त्याच नऊ. टी येतो +१. तोही २.३०६ च्या आतच. मग तुझ्या नियमाने ‘सरासरी ४९०० ग्रॅमच आहे’ हेही अ‍ॅक्सेप्ट! एकाच मालाची सरासरी ५००० पण आणि ४९०० पण? साधारण ४८४८ पासून ५०३२ पर्यंत कुठलाही आकडा घालून बघ, प्रत्येक वेळी हेच होईल. या नऊ पेट्यांना त्यातला एकही आकडा खोटा पाडता येत नाही. ‘फेल टू रिजेक्ट’ इतकंच म्हणतं. तुझं वाक्य मात्र त्या गर्दीतून एकाला उचलून खुर्चीवर बसवतं.

नाशिकरोड ९२:
ताई बरोबर आहेत. अजून सोपं सांगतो. या गणिताची पी व्हॅल्यू साधारण ०.१७ येते. म्हणजे नल खरी असण्याची शक्यता फक्त १७ टक्के. १७ टक्केवाल्याला अ‍ॅक्सेप्ट कोण करेल?

आकडेमोड:
आकडा बरोबर, अर्थ उलटा लावलात. सरासरी खरोखर ५००० असेल, तर नऊ पेट्यांत एवढा किंवा याहून जास्त फरक शंभरात सतरा वेळा नुसत्या योगायोगानेही दिसेल, असं ०.१७ सांगतं. ‘५००० आहे’ असं आधी धरूनच तो आकडा काढलाय. तोच आकडा परत ‘५००० असण्याची शक्यता किती’ हे कसं सांगेल? बाजू माझी घेतलीत, पण या कारणाने नको.

सीबीएसचा वकील:
आमच्याकडे याला ‘पुराव्याअभावी मुक्तता’ म्हणतात. गुन्हा सिद्ध झाला नाही, म्हणजे केलाच नाही असं नाही. पण आमच्यात एक गंमत आहे. एकदा सुटला की कायद्याच्या लेखी तो निर्दोषच. बाहेर येऊन कोणी ‘दोषी ठरवण्यात अपयशी’ म्हणत हिंडत नाही. त्यामुळे हा दाखला दोन्हीकडून वापरता येईल, जपून वापरा.

अंबडचा क्यूसीवाला:
बघा, वकीलसाहेब माझ्याच बाजूने बोलले. आणि इतिहास काढायचा तर १९३३ च्या पेपरात नेमन आणि पिअरसन (कार्ल नव्हे, त्याचा मुलगा ईगॉन) बिनदिक्कत ‘अ‍ॅक्सेप्ट’ म्हणतात. ज्यांनी ही पद्धत उभी केली त्यांचाही एक मार्क कापणार का?

आकडेमोड:
हा मुद्दा खरा आहे, मान्य. पण त्यांचं ‘अ‍ॅक्सेप्ट’ म्हणजे ‘खरं आहे असं धरून वागू’, ‘खरं ठरलं’ नव्हे. फिशर तर १९३५ मध्ये सरळ म्हणून गेला की नल कधी सिद्ध होत नाही, झालीच तर खोटी ठरते.

आणि तुमच्या शिक्क्यामागे काय असतं ते तुम्हीच आठवा. सॅम्पलिंग प्लॅन बनवताना खराब लॉट चुकून पास होण्याचा धोका किती चालेल हे आधी ठरवतात, बऱ्याचदा १० टक्के, आणि मग किती नग तपासायचे ते निघतं. म्हणून तुमच्या ‘अ‍ॅक्सेप्टेड’ला वजन आहे. पोरीच्या गणितात हे कोणी ठरवलंय? समजा पॅकहाउस खरंच पेटीमागे ६० ग्रॅम कमी भरतंय आणि डेव्हिएशन खरंच १२० आहे. नऊ पेट्यांची ही टेस्ट चारातून साधारण एकदाच ती चोरी पकडेल. तिनदा पॅकहाउस सहीसलामत सुटेल. पाचातून चार वेळा पकडायची तर ३४ पेट्या लागतात. तिचेच आकडे ३६ पेट्यांवर आले असते तर टी −३ झाला असता आणि नल सरळ उडाली असती. सरासरी तीच, पेट्या जास्त, एवढंच.

अंबडचा क्यूसीवाला:
हं. प्लॅनचं टेबल आमच्याकडे भिंतीवर टांगलेलं असतं, ते असंच का हे कधी विचारलं नाही. तरीही मार्क कापणं जड वाटतं. व्यापाऱ्याने शेवटी करायचं काय? पेट्या घ्यायच्या की नाही?

आकडेमोड:
‘५००० च्या जवळ आहे’ असं म्हणायचंच असेल तर जवळ म्हणजे किती ते वजनं करायच्या आधी सांगा. समजा १०० ग्रॅम इकडे-तिकडे. मग उलटी टेस्ट लावायची, फरक १०० च्या आत आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालवाल्यावर. त्यासाठी ९० टक्क्यांचा इंटरव्हल काढतात. इथे तो साधारण ४८६६ ते ५०१४ येतो, खालून ४९०० च्या बाहेर गेला. म्हणजे ‘कमी आहे’ हेही सिद्ध नाही आणि ‘ठीक आहे’ हेही नाही. मी असते तर आणखी पेट्या वजनकाट्यावर चढवल्या असत्या.

पंचवटीची काकू:
एवढं डोकं कशाला? उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी मागव आणि रिचेकिंगला टाक. माझ्या मुलाचे बारावीला तसेच चार वाढले होते, बेरीज चुकली होती.

गंगापूर रोडची बीएस्सीवाली:
काकू, इंटर्नल आहे, रिचेकिंग नसतं. ४९०० चं करून बघितलं, खरंच १ आला. पटलं. पण आत्ता प्रश्नपत्रिका काढली, त्यात छापलंय, ‘नल हायपोथेसिस स्वीकारावी की नाकारावी ते सांगा.’ आमच्या गाईडमध्येही प्रत्येक गणिताखाली ‘अ‍ॅक्सेप्ट’च आहे. विचारताना तोच शब्द आणि लिहिला की मार्क कट?

सीबीएसचा वकील:
आता केस उभी राहिली!

आकडेमोड:
हे आधी सांगायचं ना. प्रश्नातच ‘स्वीकारावी’ असेल तर त्या शब्दासाठी मी मार्क कापणार नाही. ‘म्हणून सरासरी ५००० ग्रॅमच आहे’ या शेपटीसाठी मात्र कापेन, ते प्रश्नाने विचारलेलंच नव्हतं. लाल रेघ नेमकी कशाखाली आहे?

गंगापूर रोडची बीएस्सीवाली:
‘अ‍ॅक्सेप्ट’पासून ‘आहे’पर्यंत. सलग.