पोटरीतली कळ आणि एमआरआयचा कागद: गुडघ्याखालचे दुखणे म्हणजे सायटिकाच का?

नौपाडाकर: माझ्या वडिलांचे वय 64 आहे. चार महिन्यांपासून त्यांची उजवी पोटरी दुखते. एमआरआयमध्ये कमरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमधली चकती फुगलेली दिसली, म्हणून सायटिका सांगितला गेला. सहा आठवडे कमरेला शेक आणि व्यायाम झाले, पण फरक शून्य. घरापासून तलावपाळीपर्यंत जाताना त्यांना दोनदा थांबावे लागते. मला वाटते की निदानच चुकले आहे. आपले मत काय?

मुलुंडचा मंदार: माझे मत स्पष्ट आहे. कागदावर चकती फुगलेली दिसते आहे आणि दुखणे गुडघ्याखाली आहे, मग शंका घ्यायला जागा उरत नाही. खुब्याचे दुखणे गुडघ्याच्या खाली कधी उतरत नाही. चालताना पाय भरून येतो आणि थांबल्यावर बरे वाटते, हेही मणक्यातील जागा अरुंद झाल्याचे ठरलेले लक्षण आहे. सहा आठवड्यांत गुण आला नाही म्हणून निदान बदलत बसू नये. नस सुटायला वेळ लागतो.

नेरुळची वैशाली: खुब्याविषयी मंदार यांचे विधान मला मान्य नाही, कारण मी ते स्वतः भोगले आहे. वयाच्या 48 व्या वर्षी माझे दुखणे जांघेतून गुडघ्यापर्यंत आणि पुढे नडगीवर उतरत असे. आठ महिने कमरेचेच उपचार चालले होते. मांडी घालून बसता येत नव्हते, पायाची नखे कापताना टाचेपर्यंत हात पोहोचत नव्हता, रिक्षात चढताना पाय हातांनी उचलून आत घ्यावा लागत होता, आणि तरीही कोणी खुबा फिरवून पाहिला नाही. शेवटी ओटीपोटाच्या हाडांचा साधा एक्स-रे काढला, तेव्हा उजवा खुबा झिजलेला निघाला. आपल्या वडिलांचाही एक्स-रे आधी काढून घ्यावा, असे मी आग्रहाने सांगेन.

कोपरखैरणेचा फिजिओ: वैशालीताईंचा अनुभव खरा आहे. खुब्याचे दुखणे काही रुग्णांत गुडघ्याखालीही उतरते, त्यामुळे मंदार यांचे ते वाक्य मागे घ्यावे लागेल. मात्र अशा रुग्णाला जांघेत दुखते, खुबा आत वळवला की तेथेच कळ उठते, आणि पायाच्या बोटांना सहसा मुंग्या येत नाहीत. वडिलांना मांडी घालता येत असेल आणि जांघ शांत असेल, तर एक्स-रे ही पहिली पायरी नव्हे.

मला महत्त्वाचे वाटते ते दुसरेच. हे दुखणे चालल्याने येते आणि थांबल्याने जाते, पण थांबणे कोणत्या प्रकारचे, हा प्रश्न येथे कोणी विचारलेला नाही. मणक्यातील जागा अरुंद असेल तर नुसते उभे राहून माणसाला आराम पडत नाही. तो बाकावर टेकतो किंवा पुढे वाकतो, आणि भाजी आणताना ढकलगाडीवर वाकून चालला तर बराच लांब जातो. रक्तवाहिनी अरुंद झाली असेल तर पोटरीच्या स्नायूला चालताना रक्त कमी पडते. मग पोटरी एका ठरावीक अंतरावर आवळल्यासारखी होते, दोन-चार मिनिटे नुसते ताठ उभे राहिले तरी सुटते, आणि पुन्हा साधारण तेवढेच चालल्यावर परत आवळते. चढावर किंवा स्टेशनच्या पुलाच्या जिन्यावर ती लवकर येते. जागच्या जागी चालवायच्या सायकलवरही हा फरक दिसतो. सायकलवर माणूस पुढे वाकलेला असल्याने मणक्याच्या रुग्णाला सहसा त्रास होत नाही, पण धमनीच्या रुग्णाची पोटरी तेथेही दुखू शकते. वडील थांबतात तेव्हा टेकतात की उभे राहतात? आणि त्यांना विडी-सिगारेट किंवा मधुमेह आहे का?

नौपाडाकर: ते दिव्याच्या खांबाला हात लावून ताठ उभे राहतात आणि तीन मिनिटांत पुढे निघतात. बसण्याची गरज त्यांना वाटत नाही. वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात असताना तीस वर्षे विडी ओढत होते, अजूनही दिवसाला पाच-सहा होतात. मधुमेह नाही. मांडी घालून आरामात जेवतात.

मुलुंडचा मंदार: मग एमआरआयमध्ये दिसले ते काय, याचे उत्तर द्यावे लागेल. त्या कागदाला कचऱ्यात टाकायचे का? दुसरे असे की रक्तवाहिनीचे ऐकून घरी बसून लोक पावलाची नाडी चाचपू लागले, तर प्रत्येक घरात घबराट पसरेल.

कोपरखैरणेचा फिजिओ: कागद टाकायचा नाही, त्याची किंमत ओळखायची. साठीच्या पुढच्या, काहीही न दुखणाऱ्या अर्ध्याहून अधिक माणसांच्या एमआरआयमध्ये फुगलेली चकती दिसते. म्हणून चित्रातली चकती आणि माणसाचे दुखणे यांची सांगड बसते का, हे पाहावे लागते. ही चकती सहसा पाचव्या नसेला दाबते, आणि त्या नसेचे दुखणे पावलाच्या वरच्या भागावर आणि अंगठ्याकडे धावते, अंगठा वर उचलण्याची ताकद कमी होऊ शकते, खोकताना कळ वाढते, आणि उताणे झोपवून सरळ पाय उचलला तर ती गुडघ्याखाली उतरते. केवळ पोटरी आवळणे आणि बाकी सारे शांत, हे चित्र त्यात बसत नाही.

नाडीबाबत मंदार यांच्याशी मी अर्धा सहमत आहे. पावलाच्या वरची नाडी काही निरोगी माणसांतही लागत नाही. घोट्याच्या आतल्या हाडामागची अधिक भरवशाची असते. पण बसल्या जागी नाडी लागली म्हणून धमनी स्वच्छ आहे, असेही म्हणता येत नाही. म्हणून रक्तदाब मोजावा. रुग्णाला दहा मिनिटे उताणे झोपवतात, दोन्ही दंडांवर आणि दोन्ही घोट्यांवर पट्टा बांधून डॉप्लरने वरचा दाब घेतात, आणि घोट्याचा दाब भागिले दंडाचा दाब असे गुणोत्तर काढतात. 0.90 किंवा त्याहून कमी आले तर पायाच्या धमनीत अडथळा मानतात. दुखणे असून विश्रांतीत आकडा ठीक आला, तर चालवून पुन्हा मोजतात. मधुमेहात धमन्या कडक झाल्या तर आकडा फसवा वर जातो, पण आपल्याकडे तो प्रश्न दिसत नाही.

नौपाडाकर: कालच तपासणी झाली. दंडाचा दाब 150, डाव्या घोट्याचा 144, उजव्या घोट्याचा 96. म्हणजे डावा 0.96 आणि उजवा 0.64. डॉक्टरांनी विडी पूर्ण बंद करायला सांगितली, कोलेस्टेरॉलची आणि रक्त पातळ ठेवणारी गोळी सुरू केली, आणि पुढे रक्तवाहिन्यांच्या तज्ज्ञाकडे पाठवले आहे. दरम्यान, पोटरी बऱ्यापैकी दुखेपर्यंत चालायचे, थांबायचे, दुखणे गेले की पुन्हा चालायचे, असे अर्धा तास, आठवड्यातून तीन-चार दिवस करायला सांगितले. एक गोष्ट मी आधी लिहिली नव्हती. टीव्हीसमोर तासभर बसल्यावर त्यांच्या उजव्या अंगठ्याला मुंग्या येतात.

मुलुंडचा मंदार: 0.64 पुढे माझा हट्ट मी सोडतो. पण अंगठ्याच्या मुंग्या चालल्याने येत नाहीत, बसल्याने येतात, म्हणजे ती नस निर्दोष नाही. कमरेचे व्यायाम थांबवू नयेत.

कोपरखैरणेचा फिजिओ: मुंग्यांबाबत आपण बरोबर असू शकता. एकाच पायात दोन्ही दुखणी असू शकतात. पोटरी धमनीची आणि अंगठा नसेचा, असे मला वाटते, परंतु चालण्याचे बारा आठवडे झाल्याशिवाय कोणाचा वाटा किती हे मी सांगणार नाही. तोवर अंगठा वर उचलण्याची ताकद दर आठवड्याला पाहावी. रात्री पाऊल दुखून ते पलंगाखाली लोंबवावेसे वाटू लागले किंवा बोटाला जखम होऊन भरेना, तर बारा आठवडे थांबू नये. पाय अचानक गार आणि पांढरा पडला, तर त्याच तासाला रुग्णालय गाठावे.

नेरुळची वैशाली: मी घाईने एक्स-रे सुचवला होता. विडीचे काय झाले, ते मात्र कळवा.

नौपाडाकर: काल दोनवर आले आहेत. बंडल आईने स्वतःकडे ठेवले आहे.