केस रिपोर्टमध्ये मार्गदर्शिकेची वाक्ये: फुरशाच्या दंशाच्या एका प्रकरणावरून

शुश्रूषा_विद्यार्थिनी (प्रश्न): कोकणातल्या एका रुग्णालयात फुरसे चावलेल्या रुग्णाची शुश्रूषा केली आणि त्यावर केस रिपोर्ट लिहिला आहे. उपचारांचा भाग सर्पदंशाच्या मार्गदर्शिकेतून जवळजवळ जसाच्या तसा घेतला, कारण उपचार त्याप्रमाणेच झाले होते. ओळख लपवण्यासाठी रुग्णाचे वय बदलले आणि पुरुषाची स्त्री केली. मार्गदर्शक बाई म्हणतात की दोन्ही गोष्टी चुकल्या आहेत. खरेच चुकल्या आहेत का?

रातपाळी: पहिल्या बाबतीत मला तरी चूक दिसत नाही. उपचारांचे शब्द बदलायला गेले की अर्थ बदलतो, आणि औषधाच्या मात्रेत असा खेळ परवडत नाही. शिवाय विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार १० टक्क्यांपर्यंत साम्य आढळले तर कोणतीही शिक्षा नाही. तेवढ्यात बसत असेल तर काळजीचे कारण नाही.

घाटावरचा_फिजिशियन: रातपाळी यांचे निम्मे म्हणणे मान्य आहे. चाचणीचे नाव, एएसव्ही म्हणजे सर्पविषावरच्या प्रतिविषाची मात्रा आणि रक्तस्रावाचे निकष हे कोणाच्याही लेखनात सारखेच असणार, आणि ते मुद्दाम फिरवून लिहिणे हा खुळेपणा ठरेल. परंतु १० टक्क्यांची मर्यादा शिक्षा केव्हा करायची यासाठी आहे. रिपोर्ट रुग्णाविषयी काही सांगतो की नाही, याचे उत्तर तीत सापडत नाही.

वीस मिनिटांची रक्त गोठण्याची चाचणी उदाहरणादाखल घ्या. स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत शिरेतले ताजे रक्त घ्यावे, नळी न हलवता २० मिनिटे ठेवावी आणि मग एकदाच कलती करून पाहावी, असे मार्गदर्शिका सांगते. हे वाक्य रिपोर्टमध्ये उतरवले तर वाचणाऱ्याला नवे काहीच कळत नाही, कारण काय करायला हवे होते हे त्याला आधीच ठाऊक असते आणि काय झाले ते अजून कळलेले नसते. नळी काचेचीच होती का? साबणाने धुऊन पुन्हा वापरलेली होती का? काचेवर साबणाचा अंश राहिला किंवा नळी प्लास्टिकची असली, तर निरोगी माणसाचे रक्तही २० मिनिटांत कधी कधी गोठत नाही आणि विषबाधा नसतानाही एएसव्ही दिले जाते. शंका आल्यावर कोणी स्वतःचे रक्त तसल्याच नळीत घालून ताडून पाहिले असेल, तर ते एक वाक्य तुमच्या उसन्या परिच्छेदापेक्षा मोलाचे आहे. उसना मजकूर ओळखण्याची माझी खूण साधी आहे: वाक्यांत ‘करावे’, ‘द्यावे’ असतात, पण एकही वेळ नसते.

शुश्रूषा_विद्यार्थिनी: नळी नवी होती. पहिल्या चाचणीत रक्त पाण्यासारखे राहिले, म्हणून १० व्हायल दिल्या. पुढची चाचणी ६ तासांनी करायची होती, परंतु पाळी बदलत असताना ती राहिली आणि ८ तासांनी झाली. तेव्हाही रक्त गोठले नव्हते, म्हणून आणखी १० व्हायल दिल्या, आणि त्यानंतरच्या चाचणीत गाठ धरली. मी ‘दर ६ तासांनी चाचणी करण्यात आली’ असे लिहिले आहे.

घाटावरचा_फिजिशियन: म्हणजे मार्गदर्शिकेच्या वाक्याने तुमच्याकडून असत्य लिहवून घेतले! ६ तासांचे अंतर मनाला येईल तसे ठरवलेले नाही. विषाचा प्रभाव उतरल्यावर गोठण घटक पुन्हा तयार करायला यकृताला साधारण तेवढा वेळ लागतो. दुसरी मात्रा २ तास उशिरा गेली आणि तेवढा वेळ रक्तस्रावाचा धोका कायम राहिला. त्या काळात हिरड्या, लघवीचा रंग आणि सुई टोचलेल्या जागा कोणी व कितीदा पाहिल्या, हा तुमच्या रिपोर्टचा गाभा व्हायला हवा, आणि तो कोणत्याही मार्गदर्शिकेत मिळणार नाही.

रातपाळी: आणि तो उशीर लिहिल्यावर जाब कोणाला विचारतील? परिचारिकेलाच. रुग्णाची गोपनीयता सांभाळताना वॉर्डातल्या माणसांचीही सांभाळायला नको का?

घाटावरचा_फिजिशियन: कोणाची पाळी होती हे लिहू नये, एवढे मान्य. परंतु उशीरच गाळला तर गोपनीयतेच्या आडून आपण स्वतःला वाचवतो आहोत. यावर आपले एकमत होईलसे दिसत नाही.

शब्दांची_चाळण: मी एका वैद्यकीय नियतकालिकाच्या संपादनात असतो, म्हणून दुसऱ्या प्रश्नाबद्दल लिहितो. ओळखीचा अनावश्यक तपशील गाळावा, खोटा घालू नये. पुरुषाची स्त्री केल्याबरोबर रक्तस्रावाच्या रुग्णात पाळी आणि गर्भधारणा यांचे प्रश्न उभे राहतात, आणि वाचणारा डॉक्टर विचारतो की त्या तपासण्या का केल्या नाहीत. वय नेमके न सांगता ‘चाळिशीतील’ म्हटले तर खोटे काही होत नाही. तारखा आणि घड्याळातल्या वेळा काढून सगळे दंशापासूनच्या तासांत मांडा: दंशानंतर ३ तासांनी दाखल, त्यानंतर पाऊण तासात पहिली व्हायल, असे. यात ओळख झाकली जाते आणि उपचारांचा क्रमही तारखांपेक्षा स्पष्ट दिसतो. गाव व तालुका गाळा, पण ‘कोकणपट्टी’ आणि ‘पावसाळ्याचे पहिले आठवडे’ ठेवा. कोणते साप कुठे आढळतात यावर निदान अवलंबून असते. सह्याद्रीत नाकाड्या चापडाही आहे आणि आपले चार सापांवरचे एएसव्ही त्याच्या विषासाठी बनवलेले नाही.

रत्नांग्रीकर: आमच्या काकांना घोणस चावली तेव्हा रुग्णालयाने कुठल्याशा परिषदेत त्यांच्या पायाचा फोटो दाखवला. चेहरा नव्हता, नाव नव्हते. पण पायावर गोंदण होते, आणि स्थानिक वर्तमानपत्रात ‘काजूच्या बागेत सर्पदंश’ ही बातमी आधीच आली होती. सभागृहात बसलेल्या आमच्या एका भाच्याने ते लगेच ओळखले. तुम्ही मंडळी वय आणि तारखा काय घेऊन बसला आहात? गावात सर्पदंश कोणाचा झाला हे झाडून सगळ्यांना माहीत असते.

शब्दांची_चाळण: म्हणूनच प्रत्येक तपशील सुटा न पाहता ते एकत्र ठेवून पाहावे लागतात. व्यवसाय, बाग, महिना आणि अवयव मिळून माणूस उभा राहतो. डोळ्यांवर काळी पट्टी ओढणे पुरेसे नाही हे वैद्यकीय संपादकांनी केव्हाच मान्य केले आहे, आणि गोंदणाचे तेच. सगळे गाळूनही शंका उरत असेल तर छापण्यापूर्वी रुग्णाची लेखी संमती हवीच, आणि शक्य असेल तर मजकूर त्याला वाचून दाखवावा.

रातपाळी: हा रिपोर्ट छापायचा नाही, अभ्यासक्रमात सादर करायचा आहे. प्रत्येक असाइनमेंटसाठी संमती घ्यायची ठरवली तर कोणाचेच वर्ष पुरे होणार नाही.

शब्दांची_चाळण: नियमाने कदाचित तुमचे बरोबर ठरेल. पण असाइनमेंटच्या पीडीएफ पुढच्या बॅचच्या व्हॉट्सॲप गटात जातात आणि मग त्यांना धनी राहत नाही, हे तुम्हीही पाहिले असेल.

शुश्रूषा_विद्यार्थिनी: संमती घ्यायची माझी तयारी आहे. अडचण अशी की केसपेपरवरचा फोन नंबर शेजारच्या दुकानदाराचा आहे. मी फोन केला तर त्यालाच आधी सगळे कळेल.

घाटावरचा_फिजिशियन: फोन करू नका. एएसव्हीनंतर साधारण आठवड्याभराने काही रुग्णांना ताप, सांधेदुखी आणि अंगावर चट्टे येतात, म्हणून त्यांना परत बोलावलेले असते. कार्डावरची तारीख पाहा आणि त्या दिवशी बाह्यरुग्ण विभागात त्यांना बाजूला बसवून विचारा. नाही म्हणाले तर त्यांच्या उपचारांत काही फरक पडणार नाही, हे आधीच सांगा.

शुश्रूषा_विद्यार्थिनी: कार्डावर पुढच्या सोमवारची तारीख आहे. तोवर ८ तासांचा परिच्छेद नव्याने लिहिते. पाळी बदलल्याचा उल्लेख ठेवायचा की नाही हे बाईंना विचारीन.