‘रंग फुटणे’ म्हणावं का? आणि ४:२:० मधलं शून्य कशाचं?

रेघोटी: मी शुद्धलेखनाच्या धड्यांच्या चित्रफिती करते. काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरं, आणि दुरुस्त केलेला अनुस्वार किंवा वेलांटी लाल. संपादन करताना सगळं रेखीव दिसतं. एमपी४ काढली की पांढरी अक्षरं तशीच राहतात, लाल अनुस्वार मात्र ओल्या बोटानं पुसल्यासारखा होतो. हे ‘क्रोमा सबसॅम्पलिंग ४:२:०’मुळे होतं असं कळलं. मराठीत याला काय म्हणावं? हलक्या कागदावर शाई फुटते, तसं ‘रंग फुटणे’ चालेल का? आणि ते शून्य कशाचं, एखादा रंग टाकूनच देतात का?

पडद्यामागे: क्रोमा म्हणजे हिरवा पडदा ना? आम्ही ‘क्रोमा लावला’, ‘क्रोमा काढला’ असंच म्हणतो. तुम्ही तर पडदा वापरलेला दिसत नाही.

अर्धविराम: पडद्याचा संबंध नाही. हे कॉम्प्रेशन आहे. बिटरेट वाढवा, अनुस्वार जागेवर येईल.

रेघोटी: चौपट करून पाहिला. फाइल फुगली, अनुस्वार तसाच.

जुना संकलक: तसाच राहणार, कारण नुकसान कॉम्प्रेशनच्या आधीच झालेलं असतं. चित्राचे तीन थर करतात: एक उजेडाचा, दोन रंगांचे. उजेडाचा थर पूर्ण ठेवतात, रंगाचे दोन्ही थर आडवे-उभे निम्मे करतात. १९२० × १०८० च्या चित्रात रंगाचा थर ९६० × ५४० चा उरतो. म्हणजे चार पिक्सेलांत मिळून रंगाची एकच नोंद. डोळ्याला उजेडातला बारकावा जास्त कळतो, रंगातला कमी, म्हणून एरवी हे खपून जातं.

शून्याचं म्हणाल तर कुठलाही रंग टाकलेला नाही. चार पिक्सेल रुंद, दोन ओळींचा तुकडा घ्या. पहिल्या ओळीत रंगाच्या २ नोंदी, दुसऱ्या ओळीत नवीन ०; ती वरच्याच वापरते. ही लिहिण्याची पद्धत दिशाभूल करणारी आहे हे मात्र खरं.

रेघोटी: मग पांढरं अक्षर का वाचतं?

जुना संकलक: काळं, पांढरं, करडं, तिघांचीही रंगाची नोंद सारखीच: १२८. सगळीकडे १२८ असताना चारपैकी तीन नोंदी काढल्या तरी बिघडत नाही. अक्षराची कड उजेडाच्या थरात असते आणि तो शाबूत आहे.

शुद्ध लालचं उलटं. एचडीच्या बीटी.७०९ प्रमाणात काळ्याचा उजेड १६, पांढऱ्याचा २३५ आणि लालचा फक्त ६३. लालची ओळख आहे ती रंगाच्या थरातल्या २४० मध्ये. आता एक पिक्सेल जाडीची उभी लाल रेघ घ्या, शेजारी काळं. २४० आणि १२८ ची सरासरी १८४, आणि तीच दोघांना मिळते. परत रंगात आणलं की रेघेचा लाल २५५ वरून १५५ च्या आसपास येतो आणि शेजारच्या काळ्यात १०० च्या आसपास लाल शिरतो. रेघ मळकट, शेजार तांबूस. प्लेअर नोंदींच्या मधल्या किमती कशा भरतो त्यावर आकडे थोडे हलतील.

काना-मात्रा: म्हणजे ‘फुटणे’ अर्धंच बसतं. शाई फुटते तेव्हा ती बाहेर पसरते. इथे आतला रंगही फिका होतोय. शिवाय फुटणे हा परिणाम, सबसॅम्पलिंग ही मुद्दाम केलेली क्रिया. क्रियेला ‘वर्णविरलन’ म्हणावं.

अर्धविराम: वर्णविरलन ऐकून मला वर्णमालेतली अक्षरं गळाल्यासारखं वाटतं. शुद्धलेखनाच्या धड्यात तर नकोच! ‘रंगनोंदी विरळ करणे’ म्हणा.

पडद्यामागे: थांबा, म्हणजे पडदा काढताना केसांच्या कडेला हिरवी झालर राहते ती याचमुळे?

जुना संकलक: पुष्कळदा. काही हिरवा उजेड पडद्यावरून परावर्तित होऊन अंगावरही पडतो, तो वेगळा. पण ४:२:० मध्ये चित्रीकरण केलं तर कड ठरवायलाच रंगाच्या नोंदी कमी पडतात. ४:२:२ मध्ये निदान उभ्या दिशेनं त्या पूर्ण असतात.

रेघोटीताई, आधी फाइल तपासा:

```
ffprobe -v error -select_streams v:0 -show_entries stream=pix_fmt -of csv=p=0 dhada.mp4
```

`yuv420p` आलं तर हेच कारण. `yuv444p` काढता येईल, पण बरेच फोन आणि टीव्ही ती फाइल चालवत नाहीत, आणि चित्रफितींची बहुतेक संकेतस्थळं पुन्हा ४:२:० करतात. त्यापेक्षा लाल थोडा उजळ घ्या, २५५, १२०, १२० सारखा, म्हणजे कडेचा भार उजेडाचा थर उचलेल. अनुस्वारही जाड करा. निळ्यावर लाल मात्र टाळा. निळ्याचा उजेड ३२, दोघांत फरक फारच थोडा उरतो.

रेघोटी: उजळ लाल करून पाहिला. अनुस्वार गोल दिसतोय, पण आता तो गुलाबी आहे, आणि धड्यात मी ‘लाल टिंब पाहा’ म्हणून बसलेय.

काना-मात्रा: ‘तांबडं’ म्हणा, खपेल. विरलनावर मात्र मी ठाम आहे.