डब्याच्या दोन जाहिराती, 9 विरुद्ध 3: मागे पडलेली आत्ताच बंद करावी का?

पोळीभाजी_कर्वेनगर
माझी घरगुती डब्याची सर्व्हिस आहे, कर्वेनगर-वारजे भागात. भाच्याने फेसबुक-इन्स्टाग्रामवर दोन जाहिराती लावून दिल्यात. एकीत भरलेल्या डब्याचा फोटो, दुसरीत मी पोळ्या लाटतेय असा छोटा व्हिडिओ. दोन्हींना रोज 300 रुपये. दोन दिवसांत फोटोवरून 9 जणांनी व्हॉट्सअ‍ॅप केलं, व्हिडिओवरून 3. भाचा म्हणतो, व्हिडिओ बंद कर आणि सगळे पैसे फोटोला दे. ऐकू का त्याचं?

धंदा_आधी
भाचा बरोबर बोलतोय. फोटोचा मेसेज 67 रुपयांना पडला, व्हिडिओचा 200 ला. तिप्पट महाग माल कुणी घेतं का? बंद करा आणि डब्याकडे बघा.

आकडेमोड
ताई, थांबा जरा. दोन्ही जाहिराती अगदी सारख्याच ताकदीच्या असत्या, तरी 12 मेसेज 9-3 किंवा त्याहून वाकडे वाटले जाण्याची शक्यता जवळपास 15 टक्के आहे. म्हणजे एकच जाहिरात दोन नावांनी लावली असती, तरी साधारण सातातल्या एका खेपेला तुम्ही हाच प्रश्न घेऊन आला असतात. 67 आणि 200 हे आकडे ठसठशीत दिसतात, पण 200 च्या मागे फक्त तीन माणसं उभी आहेत. याच दोन दिवसांत आणखी दोघांनी मेसेज केला असता, तर तो आकडा धाडकन 120 वर आला असता.

आधी एक सांगा, दोन्ही जाहिराती एकाच अ‍ॅड सेटमध्ये, म्हणजे एकाच बजेटखाली आहेत की वेगवेगळ्या?

पोळीभाजी_कर्वेनगर
भाच्याला विचारलं. ए/बी टेस्ट म्हणून लावल्यात, अ‍ॅड सेट वेगळे. खर्च दोन्हीकडे 600-600 च दिसतोय.

फराळवाली
हे बरं केलंत. मी दिवाळीत चकली आणि अनारशांच्या जाहिराती एकाच अ‍ॅड सेटमध्ये टाकल्या होत्या. पहिल्याच दिवशी जवळपास सगळे पैसे चकलीकडे गेले. अनारसे कुणाला दिसलेच नाहीत, आणि आमच्या घरी निष्कर्ष काय, तर अनारसे चालत नाहीत!

रील_किंग_पुणे
व्हिडिओ बंद करू नका!! आमच्या ड्रेस मटेरियलच्या रीलला फोटोपेक्षा कितीतरी जास्त लाइक येतात. व्हिडिओच जिंकतो. गाणं ट्रेंडिंग टाका फक्त.

आकडेमोड
@रील_किंग_पुणे, लाइकवर डबा जात नाही हो. इथे मोजायचंय ते व्हॉट्सअ‍ॅपवर आलेलं माणूस.

@पोळीभाजी_कर्वेनगर, खर्च सारखा आहे त्यामुळे तुमचं गणित सोपं झालं. टक्केवारी, क्लिक, रीच काही बघू नका. फक्त मेसेज मोजा. आत्ता 1200 रुपयांत 12 आले, म्हणजे सरासरी शंभरला एक. दोन आठवडे चालवलंत तर 8400 खर्च होईल आणि ऐंशीच्या आसपास मेसेज येतील. मी 81 धरतो, कारण त्याचं वर्गमूळ सरळ 9 येतं. विजेता ठरायला लागणारी आघाडी म्हणजे त्या वर्गमूळाची सव्वादोनपट, 20.25, म्हणजे 21.

आता नियम आजच कागदावर लिहून ठेवा: एक जाहिरात दुसरीच्या 21 मेसेज पुढे गेली की त्याच क्षणी थांबायचं, ती जिंकली. त्याआधी एकूण 81 झाले तर थांबायचं, कुणीच जिंकलं नाही. याची गंमत अशी की तुम्ही रोज बघितलंत तरी हरकत नाही, रोज डोकावण्याची किंमत त्या 21 मध्ये धरलेली आहे. नाहीतर होतं काय, की शेवटी एकदाच बघायची जी कसोटी असते ती आपण रोज रात्री लावतो आणि ज्या दिवशी जमेल त्या दिवशी थांबतो. सारख्याच जाहिरातींत खोटा विजेता दिसून फसण्याची पाच टक्के जोखीम अशा पंधरवड्यात सहज तिप्पट-चौपट होते.

आणि 21 चा फरक पडला नाही तर दोन आठवडे पूर्णच चालवा. शनिवारी हॉस्टेलची पोरं बाहेर जेवतात, सोमवारी त्यांना डबा आठवतो. तुमचे पहिले दोन दिवस कोणते होते?

पोळीभाजी_कर्वेनगर
शुक्रवार-शनिवार!

धंदा_आधी
वर्गमूळं काढायला ताईंकडे 8400 रुपये आहेत का, हे कुणी विचारलं? तुमच्या हिशेबाने विजेता ठरायला 51-30 असा निकाल लागायला हवा. एवढा फरक छोट्या धंद्यात कधी मिळणार? आणि दोन्ही जाहिराती उन्नीस-बीस असतील, तर चुकीची निवडली म्हणून नुकसान ते किती? मी म्हणतो, पटकन एक निवडा आणि पुढच्या कामाला लागा.

आकडेमोड
यातला अर्धा मुद्दा मला मान्य आहे. या बजेटमध्ये साधारण पावणेदोनपट फरक असेल तरच तो पकडता येतो, आणि तोही दरवेळी नाही. वीस टक्क्यांचा फरक शोधायला ताईंनी जाऊच नये. बटणाचा रंग, 'ताजा' की 'गरमागरम', असल्या चाचण्या मोठ्या बजेटवाल्यांना लखलाभ. आणि दोन्ही सारख्या निघाल्या तर कुठलीही निवडा, हेही खरं.

पण 9-3 वर बंद करण्यात नुकसान वेगळं आहे. व्हिडिओ खरंच चांगला असेल तर तो कायमचा जातो. शिवाय 'आपल्याकडे व्हिडिओ चालत नाही' हे डोक्यात बसतं आणि पुढची दोन वर्षं कुणी व्हिडिओ करत नाही. फराळवालींचे अनारसे असेच गेले. आणि हे 8400 काही चाचणीत जळत नाहीत, त्यातून गिऱ्हाइकं येतच असतात.

एक मात्र पाळा, मध्येच बजेट किंवा मजकूर बदलू नका. मेटाला, म्हणजे फेसबुकला, जाहिरात कुणाला दाखवायची हे शिकायला एका अ‍ॅड सेटमागे आठवड्याला पन्नासेक रिझल्ट लागतात, 300 रुपयांत तुम्ही तिथे तशाही पोचत नाही. त्यात हात घातलात की ते पुन्हा पहिल्यापासून.

पोळीभाजी_कर्वेनगर
दोन आठवडे झाले, सांगते. फोटो 44, व्हिडिओ 37. कुणीही 21 पुढे गेलं नाही. पहिले दोन दिवस सोडले तर फोटोवरून 35 आणि व्हिडिओवरून 34! भाचा गप्प आहे.

पण एक गोष्ट वेगळी दिसली. फोटोवाले बहुतेक 'रेट?' एवढंच विचारतात आणि गायब. व्हिडिओवाले विचारतात, पोळ्या किती, घरीच करता का, रविवारी असतो का. महिन्याचा डबा फोटोवरून 6 जणांनी लावला, व्हिडिओवरून 9. मग व्हिडिओ जिंकला ना?

फराळवाली
जिंकलाच! बोलकं गिऱ्हाईक टिकतं.

आकडेमोड
6 आणि 9 म्हणजे 15 माणसं. 9-3 ला जो आक्षेप होता तो इथे जास्तच लागू आहे. शिवाय मोजायचे मेसेज असं ठरलं होतं. निकाल लागेना म्हणून मोजमाप बदललं तर कुठलीही जाहिरात जिंकवता येते. खरं मोजमाप डबे हेच आहे, वादच नाही, पण मग पुढची फेरी डब्यांवर लावा आणि आकडा आधी लिहा.

धंदा_आधी
डब्यांवर 81 गाठायला याच वेगाने अडीच महिने लागतील. तोवर हॉस्टेलमधली अर्धी पोरं परीक्षा देऊन गावाला जातील. साहेब, अशा वेळी व्यवहारात हातात आहे त्यावर ठरवतात. 9 डबे आलेत, व्हिडिओ ठेवा.

आकडेमोड
व्हिडिओ ठेवायला माझी ना नाही, सारख्याच आहेत तर तोच ठेवा. फक्त 'सिद्ध झालं' म्हणू नका. आणि फोटोच्या जागी अगदी वेगळं काहीतरी लावून बघा. फोटोवरच महिन्याचा रेट छापला तर 'रेट?' वाले मेसेज आपोआप गळतील.

पोळीभाजी_कर्वेनगर
रेट छापला तर मेसेजच कमी येतील ना? मग मोजू काय?

धंदा_आधी
घ्या!