‘झेड ट्रॅक’ला मराठीत काय म्हणावं? आणि कातडी ताणायची की सरकवायची?

मुलुंडची मेधा
नर्सिंगच्या मुलींसाठी दोन पानी माहितीपत्रक मराठीत करून देते आहे. विषय आहे मानसोपचार ओपीडीत दर महिन्याला देतात ते डेपो इंजेक्शन, म्हणजे अंगात साठून हळूहळू उतरणारं औषध, स्नायूत खोलवर, झेड ट्रॅक पद्धतीने. ही पद्धत कशाला, तर ‘डाग पडू नये म्हणून’, असं पत्रकात आलंय. मधलं वाक्य मी असं केलंय: ‘त्वचा ताणून धरावी, सुई काटकोनात आत घालावी, औषध सावकाश सोडावं आणि सुई काढताना त्वचा सोडून द्यावी.’ अडलंय दोन ठिकाणी. ‘झेड ट्रॅक’ला काही मराठी शब्द आहे का? आणि ‘डेपो’ तसाच ठेवू का? मुंबईत डेपो म्हटलं की डोळ्यासमोर बेस्टची बसच येते.

रूळपट्टी
रेल्वेत उभी हयात गेली, म्हणून सुचवतो. गाडी एका रुळावरून दुसऱ्या रुळावर जाते त्या जागेला आम्ही ‘सांधा’ म्हणतो. ट्रॅक बदलायचाय ना? ‘सांधा पद्धत’ म्हणा. सुटसुटीत आहे.

मुलुंडची मेधा
काका, शब्द गोड आहे. पण ‘सांधा पद्धतीने इंजेक्शन’ वाचून पेशंट गुडघा पुढे करेल.

रूळपट्टी
हे मात्र खरं. मागे घेतला.

गिरगावचा केमिस्ट
मुळात ही पद्धत लोहाच्या इंजेक्शनसाठी आहे. लोह कातडीखाली झिरपलं की तपकिरी डाग पडतो, तो टाळायला झेड ट्रॅक. डेपोचं औषध तिळाच्या तेलात असतं. ते पिवळसर, त्याचा कसला डाग? तुमच्या पत्रकातून ‘डाग’ हा शब्द काढा आणि जमलं तर झेड ट्रॅकही काढा, निम्मं काम वाचेल.

परळची सिस्टर
केमिस्टदादा, डागाचं तुमचं बरोबर आहे, झेड ट्रॅक काढण्याचं नाही. माझ्या मावशीच्या कुल्ल्यावर लोहाच्या सुईचा चहा सांडल्यासारखा डाग कित्येक वर्षं होता. तेलाने तसा डाग पडत नाही, पण तेल परत वर येतं. स्नायूतून सुईच्याच वाटेने चरबीत शिरतं, तिथे गाठ धरते, किंवा सरळ बाहेर येऊन कपड्याला लागतं. लोह गळलं तर डोळ्यांना दिसतं. तेल गळलं तर डोस कमी पडतो आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. तेव्हा झेड ट्रॅक दोन्हीकडे लागतो.

मेधाताई, आता तुमच्या वाक्याकडे येते. नावाला मराठी शब्द सापडला नाही तरी चालेल, वॉर्डात सगळ्या ‘झेड ट्रॅक’च म्हणतात. पण तुमची दोन क्रियापदं चुकलीत आणि त्यांनी काम बिघडेल.

पहिलं ‘ताणून’. ताणणं म्हणजे अंगठा आणि बोट दोन बाजूंना फाकवून कातडी सपाट करणं. साध्या स्नायूच्या इंजेक्शनला आम्ही तेच करतो. त्यात कातडी जागची हलत नाही. सोडली की वरचं भोक आणि स्नायूतलं भोक पुन्हा एकाखाली एक, म्हणजे तेलाला सरळ जिना. झेड ट्रॅकमध्ये कातडी आणि तिच्याखालची चरबी एकाच बाजूला इंच-दीड इंच *सरकवायची*, तशीच धरून ठेवायची आणि मग टोचायचं. स्नायू जागच्या जागी राहतो, वरचा थर तेवढा हलतो. शेवटी हात सोडला की थर मूळ जागी येतो आणि वाट मधेच तुटते.

दादरची वसुधा
म्हणजे पावडरच्या डब्यासारखं. झाकण फिरवलं की वरची भोकं खालच्या भोकांवरून सरकतात आणि पावडर बंद.

परळची सिस्टर
अगदी तेच! मी इतकी वर्षं मुलींना फळ्यावर झेड काढून दाखवत होते.

चेंबूरचा अभय
पण चिमटीत धरून देतात ना? मी रोज इन्सुलिन घेतो, मला तसंच शिकवलंय. ‘चिमटीत धरावी’ लिहा, सगळ्यांना कळेल.

परळची सिस्टर
अभय, तुमचं बरोबर शिकवलंय, पण ते इन्सुलिनसाठी. इन्सुलिन चरबीतच द्यायचं असतं, म्हणून चिमटीने चरबी वर उचलायची. इथे चरबी ओलांडून पलीकडे जायचंय. कुल्ल्याला चिमटीत धरलं तर चरबीचा थर आणखी जाड होईल आणि औषध तिथेच अडकेल. ताणणं, चिमटीत धरणं आणि सरकवणं ही तीन वेगळी कामं आहेत.

दुसरी चूक ‘सुई काढताना त्वचा सोडून द्यावी’. ‘काढताना’ म्हणजे सुई अजून आत आहे. त्या क्षणी कातडी सुटली तर ती सुईला आडवी ढकलते, आतला मांसल भाग दुखावतो, आणि वाट बंद व्हायच्या आधीच तेल वर ओढलं जातं. ‘सुई पूर्ण बाहेर आल्यावर लगेच’ असं हवं. एवढा एक शब्द बदला.

मुलुंडची मेधा
बाप रे. मला ‘काढताना’ आणि ‘काढल्यावर’ ही नुसती शैलीची निवड वाटत होती.

दादरची वसुधा
विषयाला सोडून असेल तर माफ करा. माझ्या दिरांना दर चार आठवड्यांनी हॅलोपेरिडॉलचं डेपो इंजेक्शन असतं. मागच्या वेळी घरी आले तर पायजम्याला रुपयाएवढा तेलकट डाग. मला वाटलं बस स्टॉपवर वडापाव खाल्ला. मग कापसाचा बोळा बघितला, तोही तेलकट. आणि ‘गळणं’ हा शब्द तरी बरोबर आहे का? मी डॉक्टरांना ‘औषध पाझरलं’ म्हटलं तर ते हसले.

परळची सिस्टर
हसायचं काय त्यात? ‘पाझरलं’ हाच शब्द नेमका आहे. नळ गळतो थेंबथेंब, भिंत पाझरते, आणि तेल सुईच्या वाटेने आतून वर येतं ते पाझरणंच. किती मि.ली. देतात? आणि देणाऱ्याने कातडी सरकवली होती का, आठवतं?

दादरची वसुधा
कागदावर १०० मि.ग्रॅ. आहे. ते म्हणाले, पटकन टोचलं, पटकन काढलं आणि वर कापसाने खसाखसा चोळलं.

परळची सिस्टर
१०० मि.ग्रॅ. आणि औषध ५० मि.ग्रॅ. प्रति मि.ली.चं असेल तर २ मि.ली. तेल. त्यातलं ०.२ मि.ली. बाहेर आलं तर १० मि.ग्रॅ. गेलं, म्हणजे दहावा हिस्सा. किती गेलं हे डागावरून मोजता येत नाही, म्हणून भरपाई म्हणून कुणी अंदाजाने जास्तीचं टोचू नये. तारीख आणि ‘डाव्या बाजूला पाझरलं’ एवढं लिहून ठेवा आणि डॉक्टरांना सांगा. महिना संपायच्या आधी झोप उडाली, बडबड वाढली, तर त्या नोंदीचा उपयोग होईल.

चुकलं कुठे ते तुम्हीच सांगितलंत. तेल घट्ट असतं. एका मि.ली.ला दहा सेकंद धरले तर २ मि.ली.ला वीस सेकंद नुसतं सोडायलाच लागतात. मग सुई आतच ठेवून मनात एक ते दहा मोजायचं, म्हणजे तेल स्नायूत पसरतं. त्यानंतर सुई ज्या कोनात गेली त्याच कोनात सरळ बाहेर, आणि मग हात सोडायचा. तिथे ‘पटकन’ला जागाच नाही. आणि चोळायचं तर मुळीच नाही. आपल्याकडे सुई झाली की चोळ ही सवय लहानपणापासूनची, पण चोळल्याने तेल चरबीत ढकललं जातं. बोळा नुसता टेकवून धरायचा.

गिरगावचा केमिस्ट
एक भर घालतो, आता माझी चूक मान्य करून. फ्लुफेनाझिनच्या डेपोसाठी सिरिंज आणि सुई कोरडी हवी, पाण्याचा अंश असला तर तेल गढूळ होतं. आणि ज्या सुईने औषध सिरिंजमध्ये ओढलं ती बदलून नवी लावा. त्या जुन्या सुईच्या बाहेरून औषध माखलेलं असतं, ते टोचताना कातडीत पुसलं जातं. लोहाचे निम्मे डाग असेच पडत असावेत, असं माझं मत.

परळची सिस्टर
निम्मे का ते माहीत नाही, पण सुई बदलण्याचं शंभर टक्के बरोबर.

घाटकोपरची नर्सिंगवाली
मी दुसऱ्या वर्षाला आहे. माझा प्रॉब्लेम शब्दाचा नाही, हाताचा आहे. डाव्या हाताने कातडी धरली तर सिरिंज स्थिर कोण धरणार? मागे ओढून रक्त येतंय का बघायला तिसरा हात लागतो.

परळची सिस्टर
कातडी बोटांनी धरू नकोस. डाव्या हाताची करंगळीकडची कड टेकव आणि तिनेच बाजूला सरकव. अंगठा आणि तर्जनी मोकळी राहतात, त्यांनी सिरिंजची मान धर. उजवा हात दट्ट्यावर. आधी उशीवर कापड टाकून सराव कर. कापड सरकव, टोच, सुई काढ, सोड. कापडाचं भोक आणि उशीचं भोक वेगळ्या जागी आली की जमलं.

आणि स्पिरिट पूर्ण वाळू दे. ओल्या कातडीवरून हात निसटतो आणि मधेच सुटतो.

मुलुंडची मेधा
‘खोलवर’ला पुरेसा शब्द आहे का? माझ्या पत्रकात ‘खोल स्नायूत’ आलंय. म्हणजे स्नायूच खोल आहे असा अर्थ निघतो.

परळची सिस्टर
‘स्नायूत खोलवर’ लिहा. पण हेही लिहा की माणूस अंगाने भरलेला असेल तर दीड इंची सुईही चरबीतच राहू शकते. तेव्हा झेड ट्रॅक कितीही नीट केला तरी औषध चुकीच्या जागीच पडलं. आधी सुईची लांबी बघायची, मग कातडी सरकवायची.

रूळपट्टी
‘डेपो’चं राहिलं. फ्रेंचमधून आलेला शब्द, मूळ लॅटिनमध्ये खाली ठेवणं. म्हणजे आपली ‘ठेव’. ‘ठेवीचं इंजेक्शन’ का नको?

गिरगावचा केमिस्ट
पेशंट व्याजदर विचारेल.

दादरची वसुधा
आमच्या घरी ‘महिन्याची सुई’ म्हणतात. दिरांना तर ‘डेपो’ शब्द आवडतच नाही, म्हणतात मी काय बस आहे?

परळची सिस्टर
‘महिन्याची’ सगळ्यांना लागू नाही. फ्लुफेनाझिन कुणाला दोन आठवड्यांनीही असतं. मुलींच्या पत्रकात ‘डेपो’ राहू द्या, औषधाच्या खोक्यावर तेच छापलेलं असतं. पेशंटशी बोलताना वसुधाताईंसारखं.

रूळपट्टी
मला ‘ठेव’ अजूनही पटतो, सांगून ठेवतो.

मुलुंडची मेधा
नवं वाक्य बघा: ‘डाव्या हाताच्या कडेने त्वचा व तिच्याखालची चरबी एका बाजूला इंच-दीड इंच सरकवून धरावी. सुई काटकोनात स्नायूत खोलवर घालावी. औषध एका मि.ली.ला दहा सेकंद या गतीने सोडावं. सुई आतच ठेवून दहा मोजावेत. सुई सरळ बाहेर काढावी आणि ती पूर्ण बाहेर आल्यावर लगेच त्वचा सोडावी. चोळू नये.’

अजून एक अडचण. मूळ मजकुरात जागा आहे ‘कुल्ल्याचा वरचा बाहेरचा चौथा भाग’. ओपीडीतल्या बाई म्हणतात ‘कमरेत’ लिहा, कुल्ला शब्द छापला तर मुली फिदीफिदी हसतील.

परळची सिस्टर
वाक्य आता माझ्या हातासारखं झालंय. पण ‘डाव्या हाताच्या’ऐवजी ‘सिरिंज न धरलेल्या हाताच्या’ करा, डावखुऱ्या मुली असतात.

‘कमरेत’ मात्र नको. बोलताना आम्हीही म्हणतो, ‘कमरेत घ्या’, आणि पेशंट बरोबर वळतो. पण नवी मुलगी छापील ‘कमरेत’ वाचून वर पाठीकडे टोचेल, आणि कुल्ल्याच्या मध्यावर टोचलं तर पायात जाणारा मोठा मज्जातंतू तिथेच आहे. कुल्ल्याची भाकरी समजून चार चतकोर करा आणि वरचा बाहेरचा चतकोर घ्या. ‘चतकोर’ला कुणी हसणार नाही.

घाटकोपरची नर्सिंगवाली
आमच्या मॅडम आता कुल्ल्याच्या या चतकोराऐवजी बाजूची, खुब्याच्या हाडावर तळहात ठेवून शोधायची जागा सांगतात. तिला मराठीत काय म्हणायचं?

परळची सिस्टर
ती जागा चांगलीच आहे, त्या मोठ्या मज्जातंतूपासून लांब. आम्ही तिला नुसतं ‘खुब्याची जागा’ म्हणतो. छापायला योग्य शब्द माझ्याकडे नाही, मेधाताई, तो तुम्ही शोधा.