येणी-देणी तारखांनुसार मांडताना

> पुढच्या महिन्याची येणी देण्यांपेक्षा जास्त आहेत, तरी मधेच पैसे कमी पडतील का, हे शीटमध्ये कसं दिसेल?

महिन्याच्या बेरजेत ते दिसणार नाही, रोजची शिल्लक काढा. येणी आणि देणी एकाच यादीत ठेवा: B मध्ये देय तारीख, C मध्ये रक्कम (देणी वजा चिन्हाने), D मध्ये अपेक्षित तारीख. देणी ठरल्या दिवशी द्यायची असतील तर D म्हणजे B. येण्यांसाठी मात्र तो ग्राहक आजवर सरासरी किती दिवस उशिरा देतो, तेवढे दिवस B मध्ये मिळवा. F मध्ये महिन्याच्या तारखा, H1 मध्ये सुरुवातीची शिल्लक, आणि G2 मध्ये:

```
=$H$1+SUMIFS($C:$C,$D:$D,"<="&F2)
```

हे खाली ओढा. समजा सुरुवातीला 80 हजार आहेत. 5 तारखेला 150 आणि 20 ला 60 हजार येणं. 10 ला 120 आणि 25 ला 70 हजार देणं. देय तारखा धरल्या तर 10 ला 110 हजार उरतात, सगळं छान. पण पहिला ग्राहक नेहमी 12 दिवस उशिरा देत असेल तर त्याचे पैसे 17 ला येतील आणि 10 ला शिल्लक उणे 40 हजार होईल. महिनाअखेर दोन्हीकडे 100 हजारच!

एक सापळा: मागची थकीत येणी जुन्या तारखेसह राहिली तर हे सूत्र ती 1 तारखेलाच जमा धरतं. त्यांना नवी तारीख द्या. ग्राहक तारीखच सांगत नसेल तर D रिकामा ठेवा, ती रक्कम हिशेबात येणार नाही.